आयेल्ट्स स्पीकिंग: कुठे थांबायचं, काय सुधारायचं, काय सोडून द्यायचं

प्रश्न: "मी सांगलीची. जीएनएम झालंय, सध्या एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. यूकेसाठी आयेल्ट्स ॲकॅडमिक दिली. बाकी तिन्हीत हवे तेवढे बँड आले, स्पीकिंगला मात्र 6.5 आणि हवेत 7. क्लासमध्ये 'अं' म्हटलं की दहा रुपये दंड होता, त्यामुळे आता 'अं' येत नाही, पण मी मधेच गप्प होते. आणि चूक झाल्याचं लक्षात आलं की लगेच सुधारते, नाहीतर ग्रामरचे मार्क जातील असं वाटतं. फिलर वापरू की नको? चूक सुधारू की तशीच पुढे जाऊ?"

फिलर वापरा. चूकही सुधारा, पण निवडक. परीक्षक तुमचे 'अं' मोजत बसलेला नसतो. तुम्ही वाक्यात नेमक्या कुठे अडता आणि अडल्यावर ऐकणाऱ्याच्या हातून धागा सुटतो का, याकडे त्याचं लक्ष असतं. मी परीक्षक नाही, शिकवतो. तरी 6.5 वर अडकलेल्या विद्यार्थ्यांची रेकॉर्डिंग रोज ऐकतो आणि त्यातल्या बहुतेकांची अडचण हीच असते. शिवाय निकष सगळ्यांसाठी जाहीर आहेत, त्यामुळे अंदाजावर बोलायची गरज नाही.

स्पीकिंगमध्ये चार गोष्टी सारख्या वजनाने मोजतात: फ्लुएन्सी आणि कोहिरन्स, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. प्रत्येकाला वेगळा बँड मिळतो आणि त्यांच्या सरासरीवरून तुमचा आकडा ठरतो. तुमचे 6.5 म्हणजे 6, 7, 7, 6 अशी काहीतरी बेरीज असू शकते. निकालपत्रात स्पीकिंगचा एकच आकडा छापलेला असतो, त्यामुळे कुठल्या निकषाने ओढलं ते तुम्हाला कळणार नाही आणि मलाही तुमचं बोलणं न ऐकता सांगता येणार नाही. पण तुम्ही जे लिहिलंय, म्हणजे मधेच गप्प होणं आणि लगेच सुधारणं, ते फ्लुएन्सीवर बोट ठेवतं. म्हणून तेवढ्यावरच बोलतो.

फ्लुएन्सीच्या निकषांची शिडी वरून खाली वाचली तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. 9 बँडवाल्यालासुद्धा थांबायची मुभा आहे, फक्त त्याचं थांबणं पुढे काय बोलायचं हे ठरवण्यासाठी असतं, शब्द किंवा व्याकरण शोधण्यासाठी नसतं. 8 ला शब्दासाठी अधूनमधून थांबलेलं चालतं. 7 ला तर वाक्याच्या मध्ये अडखळणं, पुन्हा बोलणं, सुधारणं हे सगळं धरलेलंच आहे. अट एवढीच की त्यामुळे बोलण्याची सुसूत्रता बिघडता कामा नये आणि लांब उत्तर देताना ओढाताण जाणवता कामा नये. 6 ला माणूस बोलत राहतो, पण या अडखळण्यापायी मधेमधे धागा तुटतो. 5 ला तो पुनरुक्ती आणि दुरुस्तीच्या आधारानेच कसाबसा पुढे सरकतो आणि ठरावीक जोडशब्द अति वापरतो. तुम्हाला ओलांडायची आहे ती 6 आणि 7 मधली पायरी. ऐकणाऱ्याच्या हातून धागा सुटतो की नाही, तेवढाच फरक तिथे आहे.

आता परीक्षकाला तुमच्या मनातलं कसं कळतं? तुम्ही विचारासाठी थांबलात की क्रियापदासाठी, हे तो कशावरून ओळखतो? मुख्यतः जागेवरून. वाक्य किंवा उपवाक्य पूर्ण करून थांबलात तर ते विचारासाठी थांबल्यासारखं ऐकू येतं, मग तिथे 'वेल' म्हणा, 'अं' म्हणा किंवा क्षणभर नुसत्या गप्प राहा. 'इन द' म्हणून थांबलात, किंवा 'शी' म्हणून थांबलात, तर पुढचा शब्द सापडत नाही हे उघड होतं. तिथे कितीही छान फिलर घातला तरी ते लपत नाही. तुमच्या क्लासच्या दंडाने 'अं' गेला, पण अडण्याची जागा तीच राहिली आणि आता तिथे शांतता आहे. वाक्याच्या मध्यात दोन-तीन सेकंदांची शांतता त्याच जागच्या छोट्या 'अं'पेक्षा जास्त बोचते, कारण 'अं'मधून निदान एवढं तरी कळतं की मी अजून बोलतेय, थांबा.

मराठी माणसं इंग्रजीत बहुधा एका ठरावीक जागी अडतात: कर्त्यानंतर लगेच. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं. 'माझी आत्या आमच्या गावातल्या बँकेत' इथपर्यंत आपण बिनधास्त जातो आणि मग 'आहे', 'होती', 'काम करते' यातलं काय ते ठरवतो. इंग्रजीत 'माय आन्ट' म्हटल्याबरोबर काळ ठरवावा लागतो. तो ठरलेला नसतो, म्हणून 'इज, वॉज, हॅज' अशी रांग लागते. हे व्याकरण न येण्यामुळे होत नाही. कागदावर दिलं तर तीच मुलगी बरोबर लिहिते. निर्णय घ्यायची वेळ लवकर येते आणि तोंड आधीच उघडलेलं असतं, एवढंच.

एक नमुना घेऊ. दुसऱ्या भागातलं कार्ड: तुम्हाला मदत केलेल्या व्यक्तीबद्दल बोला. माझ्याकडच्या एका विद्यार्थिनीची सुरुवात अशी होती:

"माय आन्ट इज... वॉज... मीन्स शी हॅज बीन... शी वर्क्स, बेसिकली, इन अ... इन अ बँक, अ को-ऑपरेटिव्ह बँक. अँड शी टोल्ड मी, शी सेड टू मी, यू नो, दॅट यू शुड... आय शुड डू नर्सिंग."

यात चार जागी गाडी अडलीय आणि चारही अडथळे वेगळ्या जातीचे आहेत. पहिला तोच, कर्त्यानंतरचा. तीन क्रियापदं बदलून ती शेवटी सर्वात साध्या 'वर्क्स'वर आली, जे तिला पहिल्यापासून येत होतं. इथे ऐकणाऱ्याला काही क्षण कळत नाही की आत्या हयात आहे, निवृत्त आहे की अजून नोकरीत आहे. निकषात 'कोहिरन्स हरवतो' म्हणतात तो असा.

दुसरा 'इन अ बँक, अ को-ऑपरेटिव्ह बँक'. यात चूक नव्हतीच, तिने माहिती नेमकी केली. असं आपण मराठीतही करतो: 'बँकेत, म्हणजे पतपेढीत'. याने काही बिघडत नाही.

तिसरा सगळ्यात वाईट. 'शी टोल्ड मी' बरोबर होतं. तिने बरोबर वाक्य मोडून दुसरं बरोबर वाक्य केलं. व्याकरणात काहीच मिळालं नाही आणि फ्लुएन्सीत एक खड्डा पडला. ज्यांना 'चूक झाली तर' ही धास्ती लागलेली असते ते हमखास हे करतात. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या बोलण्यातही ते सापडेल असं मला वाटतं.

चौथा मात्र आवश्यक होता. 'दॅट यू शुड' हे थेट मराठीतून आलंय: 'ती म्हणाली की तू नर्सिंग कर'. मराठीत 'की'नंतर 'तू' चालतो, कारण आपण तिचेच शब्द सांगतो. इंग्रजीत 'दॅट'नंतर 'यू' आलं की समोरच्या परीक्षकाने नर्सिंग करावं असा अर्थ होतो. अर्थ बदलला, म्हणून सुधारलं, चांगलं केलं. फक्त 'यू नो' तिथे नको होतं.

तीच मुलगी नंतर त्याच कार्डावर असं बोलली:

"माय आन्ट वर्क्स इन अ बँक, वेल, अ स्मॉल को-ऑपरेटिव्ह बँक इन अवर टाऊन. अँड व्हेन आय फिनिश्ड ट्वेल्फ्थ, शी वॉज, अं, हाऊ शुड आय पुट इट, शी वॉज द ओन्ली पर्सन हू टुक मी सीरियसली. शी सेड दॅट यू शुड, सॉरी, दॅट आय शुड डू नर्सिंग."

फिलर आहेत, 'अं'सुद्धा आहे, दोनदा मागे येऊन बोलणं आहे. तरी धागा कुठेच सुटत नाही. 'वेल' माहिती नेमकी करायला आलाय. 'हाऊ शुड आय पुट इट' शब्द शोधताना आलाय, पण त्यानंतर ती 'शी वॉज'पासून पुन्हा निघाली. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. अडलात तर जिथे अडलात तिथूनच उरलेला तुकडा जोडू नका, त्या उपवाक्याच्या सुरुवातीला जा. म्हणजे ऐकणाऱ्याला एक सलग वाक्य मिळतं आणि आधीचा तुटका भाग तो विसरून जातो. विलेम लेव्हेल्ट या डच भाषामानसशास्त्रज्ञाने माणसं बोलताना स्वतःला कशी सुधारतात यावर 1983 मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मातृभाषेत बोलणाऱ्यांच्या दुरुस्तीचे तीन टप्पे दिसतात: चूक कळली की बोलणं तोडायचं, एखादा छोटा शब्द टाकायचा, आणि वाक्यात नीट बसेल अशा जागेपासून पुन्हा बोलायचं. मराठीत तुम्ही दिवसभर हेच करता, 'सोमवारी, नाही, मंगळवारी या'. इंग्रजीत एवढंच करायचंय.

आता कोणत्या चुका सुधारायच्या. मी विद्यार्थ्यांना सांगतो की अर्थ बदलत असेल तर सुधारा: 'ही'च्या जागी 'शी', आकडा, वर्ष, 'नॉट' राहून गेला, 'यू' आणि 'आय'ची अदलाबदल. भूतकाळाची गोष्ट सांगताना क्रियापद वर्तमानात गेलं आणि ते तिथल्या तिथे लक्षात आलं तर तेही सुधारा, कारण काळ हा कथनाचा कणा आहे. बाकीचं सोडा. 'अ' की 'द', 'इन' की 'अॅट', किंवा 'बिग'ऐवजी 'इनॉर्मस' म्हणता आलं असतं, यासाठी मागे फिरू नका. विशेषतः भारी शब्दासाठी तर नकोच. तो पुढच्या वाक्यात वापरा.

तुमची भीती ग्रामरची आहे, तर त्याबद्दलही सांगतो. व्याकरणाच्या 7 बँडला सगळी वाक्यं बिनचूक लागत नाहीत, बिनचूक वाक्यं वारंवार यावी लागतात. 8 लासुद्धा काही मूलभूत चुका राहिलेल्या चालतात. एखादं सुटलेलं आर्टिकल तुम्हाला 7 वरून खाली आणत नाही. तीच चूक प्रत्येक वाक्यात येत असेल, उदाहरणार्थ 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', 'सिन्स टू इयर्स', 'डिस्कस अबाऊट', तर ती परीक्षेत बोलताना सुधारून जाणारही नाही. ती घरी सरावात काढायची. परीक्षेच्या खोलीत दुरुस्ती फक्त निसटलेल्या शब्दांसाठी ठेवा.

आणखी दोन बंधनं पाळा. दुरुस्ती एकदाच. दुसऱ्या प्रयत्नातही वाक्य जमलं नाही तर ते तिथेच टाकून द्या आणि साधं वाक्य घ्या. तिसरा प्रयत्न ऐकणाऱ्याला नक्की जाणवतो. आणि उपवाक्य संपून गेलं असेल तर मागे जाऊ नका. तीन वाक्यांनंतर 'सॉरी, आय सेड ही, इट वॉज शी' म्हटलं की परीक्षकालाच मागे जाऊन सगळं जुळवावं लागतं. पुढच्या वाक्यात योग्य सर्वनाम वापरलं की झालं. माफी मागायचीही गरज नाही. 'सॉरी' एक शब्द, हळू आवाजात, पुढे. काही जण 'सॉरी सर, आय ॲम अ बिट नर्व्हस' म्हणतात आणि त्यात लय जाते.

फिलरचं म्हणाल तर मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडी 'मीन्स' फार असतो. आपला 'म्हणजे' तिकडे गेलेला असतो. इंग्रजीत त्या जागी 'आय मीन' म्हणतात आणि तेही प्रत्येक वाक्याला नाही. 'बेसिकली' आणि 'ॲक्च्युअली' दोन मिनिटांत सहा-सात वेळा आले की ते 5 बँडच्या 'ठरावीक जोडशब्दांचा अतिवापर' या वर्णनात बसायला लागतात. यांना काढून टाकायला कष्ट पडत नाहीत, कारण ते काही कामच करत नसतात. 'वेल', 'आय मीन', 'यू नो', 'हाऊ शुड आय पुट इट', 'लेट मी थिंक' एवढ्यावर भागतं. शब्द शेवटी ताणण्याची सवयही तपासा: 'अँडऽऽऽ', 'दॅटऽऽऽ'. बोलणाऱ्याला वाटतं आपण अखंड बोलतोय, ऐकणाऱ्याला गती मंद वाटते. 'अँड'च्या आधी थांबा, 'अँड' म्हणून लटकू नका.

लांबलचक पाठ केलेले फिलर मात्र टाळा. 'दॅट्स अ व्हेरी इंटरेस्टिंग क्वेश्चन, आय हॅव नेव्हर थॉट अबाऊट इट बिफोर' हे क्लासेसनी इतकं वाटलंय की ऐकणाऱ्याला ते पाठांतर म्हणूनच कळतं. तिसऱ्या भागात, 'वृद्धांची काळजी कुटुंबाने घ्यावी की सरकारने' अशा प्रश्नाला, खरोखर विचार करायला वेळ लागतो. तिथे 'लेट मी थिंक' शोभतं. पहिल्या भागात 'तुम्ही कुठे राहता' याला 'वेल, लेट मी थिंक' म्हणणं विचित्र. तिथे सरळ उत्तर द्या.

सराव कसा करायचा ते सांगतो. फोनवर दोन मिनिटांचं एक कार्ड रेकॉर्ड करा. आधी एक मिनिट तयारीला घ्या, परीक्षेत मिळतं तेवढंच. मग ऐकून शब्द न शब्द वहीत उतरवा, 'अं', तुटकी वाक्यं, सगळं. कंटाळवाणं आहे, पण ऐकून जे कळत नाही ते लिहिलेलं डोळ्यांना दिसतं. प्रत्येक थांब्यापाशी एक अक्षर लिहा: विचारासाठी थांबला असाल तर 'वि', शब्दासाठी 'श', व्याकरणासाठी 'व्या'. दुरुस्त्यांखाली रेघ मारा आणि स्वतःला विचारा, ही केली नसती तर ऐकणाऱ्याचा गैरसमज झाला असता का? बरोबर असलेलंच मोडलं असेल तिथे फुली.

पुढचा टप्पा त्या कागदावर अवलंबून आहे. 'व्या' जास्त आणि तेही कर्त्यानंतर असतील तर तयारीच्या एका मिनिटात मुद्दे लिहू नका, क्रियापदं लिहा. 'आन्ट वर्क्स', 'टोल्ड मी', 'हॅज हेल्प्ड', एवढं पुरतं. काळाचा निर्णय आधीच झालेला असतो. 'श' जास्त असतील तर अडलेल्या शब्दाचं वर्णन करून पुढे जायला शिका. 'स्ट्रेचर' आठवत नसेल तर 'द थिंग वी मूव्ह पेशंट्स ऑन' म्हणा. हे निकषांना चालतं आणि शब्दसंपत्तीच्या बँडमध्ये त्याची दखलही घेतात. 'वि' जास्त असतील तर तुमची फ्लुएन्सी मुळात ठीक आहे, विषयांवर आधी थोडं बोलून ठेवायची गरज आहे.

त्यानंतर तेच कार्ड पुन्हा बोला. भाषाशिक्षणात 4/3/2 नावाची जुनी पद्धत आहे: तीच गोष्ट आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन मिनिटांत सांगायची, दर वेळी वेगळ्या माणसाला. मी आयेल्ट्ससाठी ती दोन मिनिटं, दीड मिनिट, एक मिनिट अशी लहान करतो. मजकूर तोच असल्यामुळे शोधाशोध कमी होते आणि तिसऱ्या फेरीत कर्त्यानंतरचे थांबे आपोआप वाक्यांच्या शेवटी सरकतात. घाईने शब्द गिळू लागलात तर वेळ थोडा वाढवा, कारण उच्चारांचा बँड वेगळा आहे. ड्युटीवरून आल्यावर रोज एक कार्ड तीनदा पुरे. ऐकायला घरातलं कोणी असेल तर उत्तम. इंग्रजी न कळणारी आईसुद्धा चालते, कारण समोर माणूस असला की तुम्ही खऱ्यासारखं बोलता.

हे कुणाला पुरणार नाही तेही सांगतो. ज्यांचं वाक्यच तयार होत नाही, ज्यांना 'डिड'नंतर 'वेंट' की 'गो' हे लिहितानाही ठरवावं लागतं, त्यांनी फिलरचा विचार सध्या बाजूला ठेवावा. 6.5 असल्यामुळे तुम्ही त्यात नाही. आणि परीक्षकाने दोन मिनिटांनी तुम्हाला मधेच थांबवलं होतं का? त्याचा अडखळण्याशी संबंध नाही, वेळ संपली की ते थांबवतातच.

पहिली दोन-तीन रेकॉर्डिंग उतरवून झाली की 'वि', 'श', 'व्या' यातलं काय जास्त निघालं ते इथे लिहा. शक्य असेल तर एक परिच्छेद जसाच्या तसा टाका, तुटक्या वाक्यांसकट. त्यावरून कोणत्या दुरुस्त्या ठेवायच्या आणि कोणत्या थांबवायच्या हे मला नेमकं सांगता येईल.